पेशंट वॉर्डातून न सांगता गेला: शोध, रिपोर्ट आणि खुलासा, माझा अनुभव

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात अधिपरिचारिका आहे, म्हणजे आपली स्टाफ नर्स, मेल सर्जरी वॉर्डात. गेल्या नोव्हेंबरात माझ्या नाईटला एक पेशंट बेडवरून उठून निघून गेला. त्याला शोधणं, मग रिपोर्ट, मग मेट्रन ऑफिसचा खुलासा, हे सगळं पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलं. ट्रेनिंगला रिपोर्ट लिहायला शिकवतात पण असल्या घटनेचा रिपोर्ट कसा लिहायचा हे कुणी बसवून सांगत नाही, जी ती सिस्टर आपापल्या भीतीनं शिकते. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. हॉस्पिटलचं, गावाचं, कुणाचंच नाव देत नाही. पेशंटला काका म्हणते अन् त्यांच्या मालकिणीला काकू.

काका ५२ वर्षांचे, ऊसतोड कामगार. १६ नोव्हेंबरला संध्याकाळी ॲडमिट झाले, उजव्या पायाला सेल्युलायटिस, पाय पार गुडघ्यापर्यंत लाल अन् टम्म सुजलेला, त्यात शुगर. टोळी दसऱ्यानंतरच कारखान्यावर गेलेली, मुलगा अन् सून पण तिकडंच, मुकादमाची उचल घेतलेली असल्यानं त्यांना येता येत नव्हतं, पायामुळं हे दोघंच मागं राहिलेले. ॲडमिशनच्या हिस्ट्रीत रोज दारू असं लिहिलेलं होतं, ती अर्थातच १६ तारखेपासून बंद.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवशी हात कापणं, घाम, झोप न लागणं असं चालू होतं, आणि काही जणांना साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान खरा त्रास होतो, माणूस भ्रमात जातो, नसलेलं दिसायला लागतं, आपण कुठं आहोत ते कळत नाही. पाय दुखतोय म्हणून आलेला पेशंट तिसऱ्या रात्री उठून चालायला लागतो तो ह्याच्यामुळं. सर्जरी अन् ऑर्थोच्या वॉर्डात हे सर्रास बघायला मिळतं कारण तिथं सगळ्यांचं लक्ष जखमेकडं असतं.

१८ तारखेला रात्री ८ ला मी ओव्हर घेतला. दुपारच्या सिस्टरनी सांगितलं की बेड १७ संध्याकाळपासून अधूनमधून बडबड करतायत. रात्री १० ला मी व्हायटल्स घेतले, पल्स ११२, बीपी १५०/९०, अंगाला घाम, हात पुढं करायला लावले तर बोटं थरथरत होती. काका, आपण कुठं आहोत म्हणून विचारलं तर म्हणाले, फडात. मी १०.२० ला रेसिडेंट डॉक्टरांना कॉल केला, ते येऊन बघून गेले, लोराझेपाम अन् थायमिन लिहून दिलं, मी १०.४० ला दिलं. सकाळी सायकियाट्री रेफरन्स, बेडच्या रेलिंग वर, नातेवाईक जवळ, अशी ऑर्डर केसपेपरवर आली. मी नर्सेस नोट्समध्ये वेळेसकट सगळं लिहिलं, काका फडात म्हणाले तेसुद्धा, त्यांच्याच शब्दात. पुढं चौकशीत सगळ्यात जास्त उपयोग ह्याच ओळीचा झाला.

काका थोडे शांत झाले. रात्री २.१० ला मी सलाईनची बाटली बदलली तेव्हा जागे होते, मला विचारलं, "बैल सुटले का ओ?" मी म्हणलं, "नाही काका, बांधलेत, झोपा तुम्ही." काकू खाली चटईवर झोपलेल्या, दोन रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता. मग बेड ४ ला उलट्या सुरू झाल्या, मी तिकडं गेले. ३.०५ ला परत आले तर बेड १७ रिकामा.

बेडवर काय होतं ते नीट सांगते कारण तिथंच अर्धी माहिती असते. सलाईनची नळी सुईपासून सुटून खाली लोंबकळत होती, फरशीवर सलाईनचं थारोळं, चादरीवर रक्ताचे चार-पाच थेंब. पण सुई स्वतः, म्हणजे हातातला कॅन्युला, कुठंच नव्हता, म्हणजे तो हातातच होता. रेलिंग वरच होती, पायथ्याकडची चादर ओढलेली, तिकडून उतरले. चप्पल बेडखाली, पिशवी खुंटीला, पिशवीत आधार कार्ड, पैसे, सगळं जागेवर. आपल्या मर्जीनं घरी जाणारा माणूस पिशवी नेतो, चप्पल घालतो, बऱ्याचदा एक्सरे पण काखेत मारून नेतो. नोव्हेंबरच्या थंडीत बँडेजच्या पायानं अनवाणी, काहीच न घेता गेलेला माणूस म्हणजे तो भानावर नाही असं धरूनच शोधायचं. मी मोबाईलमध्ये वेळ बघितली अन् तळहातावर पेननं ३.०५ लिहिलं. छातीत नुसतं धडधडत होतं.

सगळ्यात आधी वॉर्ड. मामांना (आमचे वॉर्डबॉय) संडास-बाथरूमला पाठवलं, आतून कडी असेल तर दार वाजवून आवाज घ्या म्हणलं, कारण आत चक्कर येऊन पडलेला पेशंट हाकेला ओ देत नाही. मी बाकीचे बेड मोजत गेले, भ्रमातला माणूस दुसऱ्याच्या बेडवर पण जाऊन झोपतो. साईड रूम, लिनन रूम, बाल्कनी, बेडखाली. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला दारातूनच हाक मारली, तिनं तिचा वॉर्ड बघितला. वॉर्ड सोडून मी स्वतः बाहेर पळाले नाही, अन् कुणीच पळू नये, मागं बाकीचे पेशंट असतात. ह्यात सात मिनिटं गेली.

३.१३ ला सिक्युरिटीला फोन. नुसतं "पेशंट दिसत नाही" म्हणून चालत नाही, मी सांगितलं: पुरुष, ५२, सडपातळ, सावळे, पांढरी बंडी अन् पट्ट्यापट्ट्याचा पायजमा, उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत बँडेज, डाव्या हाताला सुई, लंगडत चालतील, भ्रमात आहेत, दरडावू नका, काका म्हणून बोला. गार्डना दोन दिशा दिल्या. एकानं गेटवर उभं राहायचं, दुसऱ्यानं आधी जिथं जीव जाऊ शकतो तिथं जायचं, म्हणजे गच्चीच्या दाराचं कुलूप, जिने, पाण्याची टाकी, नवीन बिल्डिंगचं बांधकाम चाललंय तिथला खड्डा. कँटीन अन् झाडाखालचे पार नंतर. ३.१५ ला रेसिडेंट, ३.१८ ला नाईट सुपरवायझर सिस्टर, त्यांनी सीएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवलं.

मग काकूंना उठवलं. हे सगळ्यात अवघड गेलं मला. त्या रडायलाच लागल्या, माझाच डोळा लागला म्हणाल्या. त्यांना पाणी दिलं अन् शेजारी बसून विचारलं की काका कालपासून कशाबद्दल बोलत होते. तर म्हणाल्या, "टोळी निघाली, गाडी चुकल, बैल सुटले, हेच चाललं होतं बाई." मग विचारलं, गावी जायला गाडी कुठून धरता, तर एसटी स्टँड. हे मी लगेच सिक्युरिटी सुपरवायझरना कळवलं. भ्रमातलं बोलणं निरर्थक म्हणून सोडून देऊ नका, माणूस त्याच्या डोक्यात जे चाललंय तिकडंच निघतो.

तेवढ्यात बेड १८ वाले आजोबा म्हणाले की त्यांनी काकांना बेडवर उठून बसलेलं बघितलं होतं, त्यांना लघवीला लागली म्हणून मोबाईल बघितला तेव्हा २.४० झाले होते. अन् ४.१० ला सीसीटीव्ही बघायला मिळाला (कंट्रोल रूमची चावी रात्री सिक्युरिटी सुपरवायझरकडं असते, ते मुख्य गेटवर होते, म्हणून पहिल्याच फोनला कॅमेरा उघडायला सांगून ठेवलेलं बरं). त्यात काका कॉरिडॉरमधून भिंतीला धरून जाताना दिसले, स्क्रीनवर वेळ २.५६. पण तेव्हाच मी मोबाईल शेजारी धरला तर कॅमेऱ्याचं घड्याळ ९ मिनिटं पुढं होतं, म्हणजे खरी वेळ २.४७. मागच्या गेटच्या कॅमेऱ्यात खरी वेळ २.५२, तिथून उजवीकडं, स्टँडच्या रस्त्याला.

आता बघा, "शेवटचं कधी पाहिलं" ह्या एका प्रश्नाला किती उत्तरं झाली. मी स्वतः पाहिलं २.१०. शेजारच्या पेशंटनं २.४०. कॅमेऱ्यानं कॉरिडॉरमध्ये २.४७, गेटवर २.५२. बेड रिकामा दिसला ३.०५. ह्या प्रत्येक वेळेला वेगळा साक्षीदार आहे, त्यामुळं रिपोर्टमध्ये त्या वेगळ्याच लिहायच्या, कुणी पाहिलं, कुठं, काय करताना. होतं काय की घाबरून आपण एकच वेळ टाकतो, नाहीतर तपासणीच्या चार्टवरची ठरलेली वेळ उचलतो, रात्री २ ला राऊंड घेतला, पेशंट बेडवर होता, असं. नंतर कॅमेऱ्यात दुसरं निघालं की आपलं खरं असलेलं पण खोटं वाटतं. आजोबांचं म्हणणं मी "बेड १८ वरील रुग्णाने सांगितल्यानुसार, अंदाजे" असं लिहिलं, माझ्या तोंडचं म्हणून नाही.

पोलिसांना कळवणं सीएमओंच्या सहीनं होतं. आमच्या आवारातच चौकी आहे. पत्राच्या दोन प्रती, ३.५५ ला मामा घेऊन गेले, एका प्रतीवर पोहोच आणली, हवालदारांची सही, बक्कल नंबर अन् वेळ. ही पोहोच जपा, "फोनवर कळवलं होतं" ह्याला नंतर काही आधार राहत नाही. पत्रात वर्णनासोबत दोन गोष्टी मी मुद्दाम घालायला लावल्या: हातात कॅन्युला आहे, तो निघाला तर रक्त जाऊ शकतं, आणि रुग्ण दारू सुटल्यामुळं भ्रमात आहे, शुगर आहे, उपचार थांबले तर जिवाला धोका आहे. एवढं वाचलं की पोलिसांना पण कळतं की हा घरी पळालेला पेशंट नाही. गेटचं फुटेज मिळाल्यावर ४.२० ला परत फोन करून दिशा कळवली.

काकूंच्या भावानं फोनवर सांगितलं की मिसिंग द्यायची तर चोवीस तास थांबावं लागतं. तसा काही नियम नाही, हवालदारांनीच ते स्पष्ट सांगितलं, नातेवाईक लगेच जाऊन तक्रार देऊ शकतात. फोटो काकूंच्या मोबाईलवरून घेतला, तो गार्ड अन् पोलीस एवढ्यांनाच पाठवला. नातेवाईक गावच्या ग्रुपवर टाकायचा का म्हणून विचारत होते, तर मी म्हणलं टाका, पण दारूचं अन् आजाराचं काही लिहू नका, माणूस उद्या गावात परत जाणार आहे.

काकू अन् एक गार्ड रिक्षानं स्टँडला गेले, रात्रीचे १२० रुपये घेतले. काका नव्हते. परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू बघत आले तरी नाही. हा पाच-सव्वापाचचा वेळ मला आयुष्यात विसरता येणार नाही, सकाळची इंजेक्शनं काढत होते अन् हात आपोआप चालत होते.

५.५० ला ते स्टँडवरच सापडले. मधल्या वेळात कुठं होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका कंडक्टरला कारखान्याची गाडी कोणती म्हणून विचारत होते, त्यांना हातातली सुई दिसली, त्यांनी काकांना बाकावर बसवलं, चहा पाजला अन् स्टँडवरच्या पोलिसाला सांगितलं. चौकीवरून वर्णन आधीच गेलेलं होतं म्हणून दोन मिनिटांत जुळलं. ६.३५ ला पोलिसांच्या गाडीतून वॉर्डात आले. पायाचं बँडेज चिखलानं काळं, तळव्याला काच लागलेली, शुगर ७२. जुना कॅन्युला काढून नवीन घातला, रेसिडेंटनी तपासलं, ड्रेसिंग, टीटी, अन् बेड १७ वरून नर्सिंग स्टेशनच्या समोरच्या बेडवर. बांधून ठेवायचं का असं काकूंनीच विचारलं. ते डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरशिवाय करता येत नाही अन् त्यांनी तशी दिली पण नाही, औषधाचा डोस वाढवला अन् सकाळीच सायकियाट्रीवाले येऊन गेले.

एक गोष्ट नाईट सुपरवायझर सिस्टरमुळं नीट झाली. पहाटे केसपेपरवर लगेच ॲब्सकॉन्ड, म्हणजे पळून गेला, असं मारून बेड खाली दाखवायचा विषय निघाला होता. त्या म्हणाल्या, शोध चालू आहे, पोलिसांचं उत्तर यायचंय, "३.०५ पासून बेडवर नाही, शोध सुरू" एवढंच लिहा. त्यामुळं काका परत आल्यावर नवीन ॲडमिशन करावं लागलं नाही, त्याच आयपीडी नंबरवर उपचार पुढं चालू राहिले. आणि डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध स्वतः घेतलेला डिस्चार्ज, असं तर अजिबात लिहायचं नाही, तिथं समजावून सांगितलेलं असतं, पेशंटची सही असते. इथं तसं काही झालेलंच नव्हतं.

रिपोर्ट मी ८ ला ओव्हर देऊन ड्युटी रूममध्ये बसून लिहिला, झोपायच्या आधी. मा. वैद्यकीय अधीक्षक यांना, परिसेविका अन् अधिसेविका यांच्यामार्फत. मुख्य भाग असा होता:

"दि. १९ रोजी रात्री २.१० वा. मी स्वतः बेड क्र. १७ वरील रुग्णाची सलाईन बदलली, रुग्ण जागा होता, असंबद्ध बोलत होता. बेड क्र. १८ वरील रुग्णाने सांगितल्यानुसार अंदाजे २.४० वा. रुग्ण बेडवर बसलेला होता. सीसीटीव्हीनुसार २.४७ वा. कॉरिडॉरमध्ये व २.५२ वा. मागील गेटवर (कॅमेऱ्याची वेळ ९ मिनिटे पुढे असल्याने वजा करून). ३.०५ वा. रुग्ण बेडवर आढळला नाही. रेलिंग वर होती. चप्पल, पिशवी, पैसे जागेवर होते. या काळात मी बेड क्र. ४ वरील रुग्णास उलट्या होत असल्याने तिथे होते."

त्याखाली शोध, वेळेनुसार, कुणी कुठं बघितलं अन् काय मिळालं. "सर्वत्र शोध घेतला" असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. "संडास तीन, बाथरूम दोन, मामांनी पाहिले, रुग्ण नाही, ३.०८" असं लिहा. जिथं पेशंट सापडला नाही ती जागा पण लिहायची, गच्चीचं कुलूप लावलेलं होतं हेसुद्धा. शेवटी परत आल्याची वेळ, कुणी आणलं, आल्यावरची तब्येत, कुणाला कळवलं.

एका सिनियरनी सुचवलं होतं की नातेवाईकाच्या हलगर्जीपणामुळं पेशंट गेला असं टाक, म्हणजे आपल्यावर येत नाही. मी नाही टाकलं. दोन रात्री जागलेली बाई पहाटे झोपली, एवढंच मी पाहिलं होतं, "नातेवाईक बेडशेजारी खाली झोपलेले होते" एवढंच लिहिलं. पेशंट का गेला ह्याचा अंदाजही रिपोर्टात घातला नाही, तब्येतीचं डॉक्टरांनी लिहिलंय, ते त्यांच्या नोटमध्ये आहे.

२० तारखेला मेट्रन ऑफिसकडून पत्र आलं, चोवीस तासांत लेखी खुलासा द्या. पत्र हातात पडलं तेव्हा पोटात गोळा आला, आता मेमो लागतो का काय. पण खुलाशात नवीन काही लिहायचंच नव्हतं, रिपोर्टमधल्याच वेळा, सोबत नर्सेस नोट्स, रात्री १०.२० चा कॉल, डॉक्टरांची ऑर्डर, पोलिसांची पोहोच ह्यांच्या झेरॉक्स, २४ रुपये झाले. त्या रात्री वॉर्डात किती पेशंट होते अन् सिस्टर किती होत्या हे पण लिहिलं, ३८ पेशंट अन् मी एकटी, तक्रार म्हणून नाही पण घटनेचा तो भागच आहे. आवकचा शिक्का माझ्या प्रतीवर घेतला. २२ ला अधीक्षकांपुढं चौकशी झाली, मला, मामांना, रेसिडेंटना अन् गार्डना वेगवेगळं विचारलं. सगळ्यांच्या वेळा जुळल्या. मला मुख्य प्रश्न हाच होता की पेशंट भ्रमात आहे हे तुम्हाला माहीत होतं का अन् त्यावर काय केलं, त्याचं उत्तर रात्री १० च्या नोट्समध्ये होतं. २७ ला प्रकरण नस्तीबंद झाल्याचं तोंडी कळलं, मी लेखी मागितलं, ते चार दिवसांनी मिळालं.

काकांचा भ्रम २१ पर्यंत पूर्ण उतरला, त्यांना त्या रात्रीतलं काही आठवत नव्हतं. २९ ला डिस्चार्ज झाला, सायकियाट्री ओपीडीची तारीख घेऊन.

अजून एक काम त्याच दिवशी करून टाका. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून १९ लाच आमच्या इन्चार्ज सिस्टरनी पत्र दिलं होतं की त्या रात्रीचं २ ते ४ चं, कॉरिडॉर अन् मागचं गेट ह्या दोन कॅमेऱ्यांचं फुटेज काढून ठेवावं. पत्रात तारीख, कॅमेरा अन् घड्याळातला फरक तिन्ही लिहा, कारण फुटेज काढणारा माणूस स्क्रीनवरचीच वेळ बघून कापतो.